टॉवेल ताठ, रंग फिके
(घरातलं पाणी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर पाहिला. तोच थर कपड्यांवरही बसतो, मात्र तिथे तो डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतो. पुण्यात ज्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं त्यांना याचा फारसा अनुभव नसेल. पण शहराच्या कडेला वाघोली, उंड्रीसारख्या भागांत बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत. तिथे नवा टॉवेल काही महिन्यांत पापडासारखा कडक होतो, काळा टीशर्ट राखाडी दिसू लागतो आणि घरोघरी त्यावर एकच उपाय होतो : पावडरचा आणखी एक चमचा.

हा चमचा अगदीच वाया जात नाही, पण बराचसा जातो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. पावडर पाण्यात पडली की मळाच्या आधी तिची गाठ या दोघांशी पडते. साबणाची वडी असेल तर तिचा चिकट, न विरघळणारा साका होतो. डिटर्जंटचा तसा साका होत नाही, पण त्याचाही काही भाग कॅल्शियममध्ये अडकतो. म्हणून पावडरमध्ये कॅल्शियमला आवरायला धुण्याचा सोडा घातलेला असतो.

यातली सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की कॅल्शियमसाठी लागणारा सोडा कपड्यांवर नाही, पाण्यावर ठरतो. मशीनमध्ये चार कपडे असोत की चौदा, टब तेवढाच भरला तर कॅल्शियमही तेवढंच. हिशोब करून पाहू. समजा बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४५० मिलिग्रॅम आहे. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत.) वरून झाकण उघडणाऱ्या मशीनचा टब ६० लिटर भरला, तर त्यात २७ ग्रॅम कठीणता आली. ती पुरती बाहेर काढायला सुमारे २९ ग्रॅम कोरडा सोडा लागतो. समोरून दार उघडणारं मशीन धुण्यासाठी १५ लिटरच्या आसपास पाणी घेतं. तिथे हेच काम सातेक ग्रॅममध्ये होतं, आणि तेवढा सोडा चांगल्या पावडरमध्ये मुळातच असतो. द्रव डिटर्जंटमध्ये सहसा तो नसतो, म्हणून जड पाण्यात पावडरच उजवी पडते.

आपलं पाणी किती जड आहे हे आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवरून कळत नाही. तो विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यात साधं मीठही आलं. त्याऐवजी कठीणता तपासायचा थेंबांचा किट आणावा. नमुन्याचा रंग वाइनसारखा लाल असतो आणि थेंब टाकत गेलं की एका थेंबाला तो निळा होतो. किती थेंब लागले त्यावरून आकडा काढतात. उन्हाळ्यात बोअर खोल गेल्यावर आणि टँकरवाला बदलल्यावर पुन्हा तपासावं, कारण आकडा बराच हलतो.

मोठ्या टबासाठी मग पावडर पाकिटावर दिली आहे तेवढीच घ्यावी आणि धुण्याचा सोडा वेगळा घालावा. पावडरमध्ये थोडा सोडा असतोच, म्हणून वरच्या पाण्याला १५ ग्रॅमपासून सुरुवात करून पाहावी. तो कपड्यांच्या आधी पाण्यात टाकायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. पाणी किंचित गढूळ होतं : कॅल्शियम पाण्यातच बारीक कणांच्या रूपात वेगळं पडतं. कपडे आधीच आत असतील तर हेच कण धाग्यांवर बसतात. खाण्याचा सोडा यासाठी उपयोगाचा नाही, गार पाण्यात तो कॅल्शियमला खाली आणत नाही. रेशीम आणि लोकर यांना मात्र धुण्याचा सोडा लावू नये.

खरं नुकसान बहुतेक वेळा धुताना होत नाही, खळबळताना होतं. धुतलेल्या कपड्यांत सोड्याचं पाणी मुरलेलं असतं. त्यावर ताजं जड पाणी ओतलं की नवं कॅल्शियम आणि उरलेला सोडा यांची भेट थेट धाग्यांत होते आणि थर तिथेच बसतो. यावरचा उपाय बिनपैशाचा आहे : पहिल्या खळबळण्याआधी कपडे फिरवून किंवा पिळून घ्यायचे. दोन टबांच्या मशीनमध्ये बरेच जण सगळं खळबळून झाल्यावरच ड्रायरला लावतात. मला विचाराल तर पावडर बदलण्याआधी हे बदलावं. पावडर जास्त पडत असेल तर हा त्रास दुप्पट होतो, कारण धुऊन काढायचं तेवढंच वाढतं.

आता टॉवेल. त्याचा ताठपणा तीन कारणांनी येतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाळलेला टॉवेल हातात चोळून, झटकून पाहा. तेवढ्याने मऊ झाला तर दोष पाण्याचा नाही. दोरीवर वाळवलेलं सुती कापड मऊ पाण्यातही थोडं ताठतं. २०२० मध्ये जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या आणि काओ कंपनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की तंतूंवर उरलेलं अगदी थोडं पाणीच त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं. चोळूनही खरखर राहिली तर टॉवेल नुसत्या कोमट पाण्यात बुडवून पिळा. फेस आला तर ती आधीची न निघालेली पावडर. त्यावर पुढच्या दोन-तीन वेळा कमी पावडर आणि एक जादा पाणी एवढं पुरतं. फेस आला नाही आणि खरखर तशीच राहिली, तर तो कॅल्शियमचा थर.

हा थर आम्लात विरघळतो. बादलीत दहा लिटर कोमट पाणी घेऊन त्यात ३० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवावं, धुतलेले टॉवेल त्यात अर्धा तास बुडवावेत आणि साध्या पाण्याने काढावेत. काळ्या टीशर्टसाठीही हेच. पण आधी एकच कोपरा बुडवून वाळवून पाहा. कोपरा गडद झाला तर रंग शाबूत आहे, त्यावर फक्त पांढरी पुटं चढली होती. नाही झाला तर रंग खरोखरच गेला, आणि मग लिंबूसत्व खर्चण्यात अर्थ नाही. ब्लीचबरोबर किंवा ब्लीचच्या पाण्यानंतर लगेच हे कधीही वापरू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कंडिशनरने टॉवेल मऊ लागतो, कारण तो धाग्यांवर मेणचट थर देतो. कॅल्शियम जागेवरच राहतं आणि टॉवेल पाणी कमी टिपतो. टॉवेलला तरी तो लावू नये असं माझं मत आहे. नळाच्या पाइपवर बसवायची चुंबकं पाण्यातलं कॅल्शियम कमी करत नाहीत, त्यामुळे धुण्यात त्यांचा फायदा नाही.

एवढं करूनही थोडा थर बसणारच. फिरवून काढलेल्या मोठ्या टॉवेलात ३०० मिलिलिटर पाणी उरलं, तर वरच्या आकड्याने ते वाळताना १३५ मिलिग्रॅमच्या आसपास क्षार मागे ठेवतं. शंभर धुण्यांत ते साडेतेरा ग्रॅम होतात, म्हणून लिंबूसत्वाची बादली महिन्याकाठी एकदा काढावी लागते. हे टाळायचं तर शेवटचं पाणी तरी मऊ हवं : पावसाळ्यात पागोळ्यांचं, एरवी राळ भरलेल्या सॉफ्टनरचं. ती राळ कॅल्शियम धरून त्याच्या जागी सोडियम सोडते आणि भरली की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा चालू करावी लागते. मीठ घालायचं राहून गेलं तर सॉफ्टनर काहीच सांगत नाही. नमुन्यात किटचा पहिला थेंब पडल्यावरही रंग लालच राहतो, तेव्हा ते कळतं. सोसायटीच्या गच्चीवर बसवायच्या सॉफ्टनरचं मीठ, खर्च आणि वाया जाणारं पाणी यांचा हिशोब पुढच्या लेखांकात.