एकशे नऊ टक्क्यांची कसोटी

जुलै १९८१. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली तिसरी कसोटी चालू होती. ऑस्ट्रेलियाने ९ बाद ४०१ धावांवर डाव घोषित केला होता. इंग्लंडचा डाव १७४ धावांत आटोपला आणि २२७ धावांच्या पिछाडीमुळे त्यांच्यावर फॉलोऑनची नामुष्की आली. शनिवारी मैदानातल्या इलेक्ट्रॉनिक धावफलकावर लॅडब्रोक्स या बेटिंग कंपनीचे भाव झळकले. ऑस्ट्रेलियाच्या विजयाला १-४, अनिर्णित सामन्याला ५-२ आणि इंग्लंडच्या विजयाला ५००-१. कंपनीला क्रिकेटच्या भावांबाबत सल्ला द्यायचा तो गॉडफ्रे इव्हान्स, इंग्लंडचा नावाजलेला माजी यष्टिरक्षक. म्हणजे हे आकडे खेळ जाणणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेले होते.

पुढे काय झालं ते क्रिकेटवेड्यांना पाठ आहे. बोथमच्या नाबाद १४९ धावा, विलिसचे ४३ धावांत ८ बळी आणि इंग्लंडचा १८ धावांनी विजय. त्यामुळे ‘पाचशेला एक’ हा आकडा अजरामर झाला आणि धावफलकावरचे बाकीचे दोन भाव लोक विसरले. मला मात्र ते तिन्ही भाव एकत्र वाचावेसे वाटतात, कारण गणित त्यांच्या बेरजेत आहे.

आधी एकेक भाव घेऊ. ५-२ या भावाचा अर्थ असा: दोन पौंड लावा, सामना अनिर्णित राहिला तर पाच पौंड नफा मिळेल आणि लावलेले दोन पौंडही परत येतील. हातात एकूण सात पौंड. आता विचारायचं ते एवढंच, की सामना अनिर्णित राहण्याची शक्यता किती असेल तर हा व्यवहार ना नफा ना तोटा ठरेल? समजा असा प्रसंग सात वेळा आला आणि दरवेळी आपण दोन पौंड लावले. खर्च चौदा पौंड. सातांपैकी दोनदा अंदाज खरा ठरला तर सात-सात मिळून चौदाच परत येतात. तेव्हा बरोबरी साधणारी शक्यता सातात दोन, म्हणजे २८.६ टक्के. भावातून निघणारी शक्यता म्हणतात ती हीच. लावलेली रक्कम भागिले हातात येणारी एकूण रक्कम, इतका साधा तो हिशेब आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुद्दल विसरणं. ५-२ दिसलं की पाचात दोन, म्हणजे ४० टक्के, असं चटकन वाटतं. ही चूक ओळखायला ऑस्ट्रेलियाचा भाव उपयोगी पडतो. १-४ म्हणजे चार पौंड लावले तर एक पौंड नफा. चुकीची रीत इथे लावली तर एकात चार, म्हणजे चारशे टक्के शक्यता निघते आणि चूक उघडी पडते. मुद्दल धरून हिशेब केला की हातात येणार पाच, लावले चार, म्हणून शक्यता ८० टक्के. इंग्लंडच्या बाबतीत एक लावून हातात येणार ५०१, म्हणून शक्यता ५०१ मध्ये एक, ०.२ टक्के. आज अनेक ठिकाणी भाव दशांशात देतात, त्यात मुद्दल आधीच मिळवलेलं असतं. हेच तीन भाव तिथे १.२५, ३.५० आणि ५०१ असे दिसतील आणि एकाला त्या आकड्याने भागलं की काम झालं.

आता बेरीज करू. ८० अधिक २८.६ अधिक ०.२. उत्तर १०८.८ टक्के.

सामन्याचे निकाल तीनच गृहीत धरले आहेत. (कसोटीत बरोबरीही होऊ शकते, पण ती इतकी विरळा की इथे सोडून देऊ.) तिघांपैकी एक निकाल लागणार आणि एकच लागणार, हे नक्की. मग शक्यतांची बेरीज शंभरच व्हायला हवी. वरचे जवळजवळ नऊ टक्के आले कुठून?

उत्तर शोधायला भावाकडे किंमत म्हणून पाहावं लागतं. बेटिंग कंपनी जणू तीन तिकिटं विकते आहे. ऑस्ट्रेलिया जिंकली तर शंभर पौंड देणारं तिकीट ८० पौंडांना. अनिर्णित निकालावर शंभर देणारं २८ पौंड ५७ पेन्सना. इंग्लंडच्या विजयावर शंभर देणारं फक्त २० पेन्सना. एखाद्याने तिन्ही घेतली तर त्याला १०८ पौंड ७७ पेन्स मोजावे लागतील. निकाल काहीही लागो, तिन्हींपैकी नेमकं एक तिकीट वटेल आणि शंभर पौंड मिळतील. ८ पौंड ७७ पेन्स कंपनीकडे राहतील, मग मैदानात बोथम खेळो वा पाऊस पडो. या जास्तीच्या भागाला धंद्यात ‘ओव्हरराउंड’ म्हणतात. गोळा झालेल्या पैशांच्या प्रमाणात पाहिलं तर १०८.७७ पैकी ८.७७, म्हणजे ८ टक्क्यांहून किंचित जास्त.

फ्रँक रॅमसे आणि ब्रुनो डी फिनेटी या गणितज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं होतं की, शक्यतांची बेरीज एक का असावी याचं कारणही पैजेतच सापडतं. त्यांच्या मांडणीत भाव सांगणाऱ्याला दोन्ही बाजूंनी व्यवहार करावा लागतो. जी किंमत तो सांगेल त्याच किमतीला तिकीट विकायलाही तयार राहायचं आणि विकत घ्यायलाही. बेरीज १०८ असेल तर समोरचा हुशार माणूस त्यालाच तिन्ही तिकिटं १०८ ला विकेल आणि शंभर देऊन मोकळा होईल. बेरीज ९५ असेल तर तिन्ही विकत घेईल. दोन्हीकडून नुकसान टाळायचं तर बेरीज नेमकी एकच ठेवावी लागते. बुकी मात्र फक्त विकतो. त्याला विकत घ्यायची सक्ती नाही, म्हणून त्याची बेरीज एकाच्या वर राहू शकते. एकाच्या खाली मात्र तो जाऊ देत नाही.

हे इतकं स्वच्छ इतरत्र कुठे पाहायचं असेल तर गोव्यातल्या कॅसिनोंमधलं रूले घ्या. एका शून्याच्या चाकावर ३७ खाने असतात आणि एका आकड्यावर ३५-१ भाव मिळतो. भावातून निघणारी शक्यता ३६ मध्ये एक, खरी शक्यता ३७ मध्ये एक. सगळ्या खान्यांची बेरीज ३७ भागिले ३६, म्हणजे १०२.८ टक्के. इथे खरी शक्यता चाकावरचे खाने मोजून कळते, त्यामुळे फरक किती आणि कोणत्या खान्यावर किती, हे दोन्ही सांगता येतं.

हेडिंग्लेला खाने मोजता येत नव्हते, आणि खरी अडचण तिथेच आहे. जास्तीचे ८.८ टक्के तीन निकालांपैकी कोणत्या भावात किती मिसळले आहेत हे बेरीज सांगत नाही. सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रत्येक शक्यतेला १.०८८ ने भागणं. तसं केलं तर ऑस्ट्रेलिया ७३.५ टक्के, अनिर्णित २६.३ आणि इंग्लंड ०.१८, म्हणजे साधारण ५४५ मध्ये एक. दुसरा मार्ग म्हणून जास्तीचा भाग तिघांत समान वाटून वजा करून पाहा. प्रत्येकातून २.९ टक्के गेले की इंग्लंडची शक्यता शून्याच्याही खाली जाते. तो मार्ग लगेच बाद होतो.

तिसऱ्या पद्धतीत प्रत्येक शक्यतेचा एकच घात घेतात आणि बेरीज बरोबर एक होईल असा घात शोधतात. आपल्या उदाहरणात तो सुमारे १.१७ येतो. मग ऑस्ट्रेलिया ७७ टक्के, अनिर्णित २३ आणि इंग्लंड सुमारे ०.०७ टक्के, म्हणजे जवळपास दीड हजारांत एक. या पद्धतीने दुबळ्या दावेदाराच्या भावातून जास्त कपात होते आणि त्यामागे अनुभव आहे. घोड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करणाऱ्यांना १९४० च्या दशकापासून दिसत आलं आहे की, कमी शक्यतेच्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांचं सरासरी नुकसान लाडक्या घोड्यावर लावणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. लांब भावाचं आकर्षण असलेले लोक तो भाव जरा कमी असला तरी पैसे लावतात. शिवाय आतली माहिती असलेला कुणी लांब भावावर घाव घालेल ही धास्ती बुकीला असते, म्हणून तिथे तो स्वतःसाठी अधिक जागा ठेवतो.

लक्षात घ्या, ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत दोन पद्धतींतला फरक फार मोठा नाही, ७३.५ की ७७. इंग्लंडच्या बाबतीत तो जवळजवळ तिपटीचा आहे. म्हणून ‘भावानुसार शक्यता इतकी’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर लाडक्या दावेदाराबद्दल ऐकावं, दुबळ्याबद्दल मात्र सावध असावं. इंग्लंड जिंकलं म्हणून ५००-१ हा भाव चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. एका सामन्यावरून पाचशेत एक आणि दीड हजारांत एक यांतला फरक कळत नाही. त्याआधी फॉलोऑननंतर कसोटी जिंकल्याचं उदाहरण होतं ते थेट १८९४ सालच्या सिडनीचं. हेडिंग्लेनंतरचं पुढचं २००१ चं, ईडन गार्डन्सवरचं आपलं.

ओव्हरराउंड असला म्हणजे बुकीचा नफा ठरलेलाच, असंही नाही. तिन्ही निकालांवर पैसे ८०, २८.५७ आणि ०.२० याच प्रमाणात आले तरच तो ठरलेला असतो. हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाच्याच डेनिस लिलीने दहा आणि रॉडनी मार्शने पाच पौंड इंग्लंडवर लावले होते. त्यांना ५,००० आणि २,५०० पौंड मिळाले. पंधरा पौंडांच्या पैजांनी गेलेले साडेसात हजार ८ टक्क्यांच्या हिशेबाने भरून काढायला सुमारे ९३ हजार पौंडांची उलाढाल लागते. खेळाडूने स्वतःच्या सामन्यावर पैसे लावणं आज खपवून घेतलं जात नाही. आपल्याकडे क्रिकेटवरचा सट्टा बेकायदा आहे. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्याने चालणाऱ्या शर्यतींत मात्र भावांचा फलक उघडपणे पाहता येतो आणि त्यावर हीच बेरीज करता येते.

ती करताना एक लक्षात असू द्या. बेरीज १०८.८ असेल तर दर फेरीला सरासरी आठ टक्के जातात. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावत राहिलं तर दहा फेऱ्यांनंतर शंभर रुपयांचे सरासरी त्रेचाळीस उरतात.