नेपाळी किंमत वाचताना

लुंबिनीच्या यात्रेस निघालेला यात्रेकरू सोनौलीची सीमा ओलांडतो, तेव्हा फलकांवरील देवनागरी अक्षरे त्यास ओळखीची वाटतात. किंमत वाचताना चूक होते ती याच ओळखीमुळे. ‘आठ सय रुपैयाँ’ यातील ‘सय’ म्हणजे हिंदीतील ‘सौ’. परंतु ‘रुपैयाँ’ म्हणजे भारतीय रुपये नव्हेत. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. म्हणून ८०० नेपाळी रुपयांची खोली आपल्या ५०० रुपयांची होय. भाषांतरात नुसते ‘८०० रुपये’ लिहिले, तर वाचणारा ३०० रुपये अधिक मोजतो. मात्र किमतीपुढे ‘भारु’ असेल, तर ती भारतीय रुपयांतच आहे, तेथे १.६ने भागू नये. ‘नेरु’ म्हणजे नेपाळी रुपये.

जुन्या हिशेबांत ‘मोहर’ हा शब्द फसवितो. आपणास त्यातून सोन्याचे नाणे आठवते. नेपाळात तो अर्ध्या रुपयाचा वाचक आहे, आणि ‘सुका’ पाव रुपयाचा. ‘तीन सुका’ म्हणजे पाऊण रुपया. तात्पर्य, आधी चलन विचारावे, मग आकडा भाषांतरित करावा.