पुढचा जॅक मुका, मागचा बोलका

डेस्कटॉप कॉम्प्युटरला हेडफोन लावायच्या दोन जागा असतात. एक कॅबिनेटच्या मागे, हिरव्या रंगाच्या गोल जॅकची. दुसरी पुढे, पॉवरच्या बटणाजवळ, जिथे हात सहज पोहोचतो. मागे लावलेल्या स्पीकरमधून गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि तोच हेडफोन पुढे लावला की शांतता. असं झालं की बहुतेक जण साउंड कार्ड गेलं असं समजतात. पण मागचा जॅक चालतोय याचाच अर्थ साउंड कार्ड ठीक आहे. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरांत पुढच्या आणि मागच्या दोन्ही जॅकना आवाज पुरवणारी चिप एकच असते आणि ती मदरबोर्डवरच असते. दोष असतो तो त्या चिपपासून पुढच्या जॅकपर्यंतच्या वाटेत, किंवा त्या वाटेने आवाज पाठवायचा की नाही हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. या दोन शक्यता वेगळ्या करता आल्या, तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

मागचे जॅक थेट मदरबोर्डला सोल्डर केलेले असतात. त्यांच्यामध्ये सैल व्हायला काही नसतं. पुढचा जॅक मात्र मदरबोर्डचा भागच नव्हे. तो कॅबिनेटचा भाग आहे. तो एका छोट्या पट्टीवर बसवलेला असतो आणि तिथून एक बारीक केबल कॅबिनेटच्या पोटातून मदरबोर्डच्या तळाशी, मागच्या बाजूच्या कोपऱ्यात येते. तिथे दोन ओळींत उभ्या केलेल्या पिना असतात. त्यांना हेडर म्हणतात. बोर्ड कोणत्या कंपनीचा आहे त्यानुसार शेजारी `AAFP`, `F_AUDIO`, `JAUD1` किंवा `HD_AUDIO1` असं छापलेलं दिसतं. केबलच्या टोकाचा काळा कनेक्टर या पिनांवर फक्त दाबून बसवलेला असतो. त्याला कडी नाही, खटका नाही, स्क्रू नाही. केबल ताणली गेली, ग्राफिक्स कार्ड काढताना बोट लागलं किंवा कॅबिनेट टेम्पोतून हादरे खात आलं, की तो वर सरकू शकतो.

आता यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. या केबलमधून फक्त आवाज जात नाही. एक निरोपही जातो. हेडफोनची पिन जॅकमध्ये शिरली की आतला एक छोटा स्विच दाबला जातो, फ्रिजच्या दारापाशी दिव्याचा स्विच असतो तसा. त्या स्विचची तार मदरबोर्डवरच्या एका ठरावीक रोधाला जोडलेली असते. हेडफोनच्या जॅकचा रोध वेगळा, माइकच्या जॅकचा वेगळा. उदाहरणार्थ एक 39.2 किलोओहमचा, तर दुसरा 20 किलोओहमचा. चिप तो रोध मोजते आणि कोणत्या जॅकमध्ये काही लावलंय ते ओळखते. 2004 साली आलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या पद्धतीत हे असंच चालतं. निरोप पोहोचला नाही, तर आवाजाच्या तारा कितीही धडधाकट असोत, ड्रायव्हर पुढे काही लावलेलंच नाही असं धरून चालतो.

हेडरवर दहा जागा आणि नऊ पिना असतात. एका ओळीत 1, 3, 5, 7, 9 आणि दुसरीत 2, 4, 6, 8, 10. यातली 8 नंबरची जागा मुद्दाम रिकामी असते आणि कनेक्टरवरचं तेवढं भोक बुजवलेलं असतं, म्हणजे तो उलटा बसणार नाही. शेजारच्या यूएसबीच्या हेडरलाही नऊच पिना असतात, पण तिथे कोपऱ्यातली एक जागा रिकामी असते. म्हणून दोन्ही सारखे दिसले तरी एकाचा कनेक्टर दुसऱ्यावर जोर लावून बसवू नये, पिना वाकतात. ऑडिओच्या हेडरवर 1 आणि 3 माइकसाठी, 5 उजव्या कानासाठी आणि 9 डाव्या कानासाठी असते. निरोपासाठी 7 ही सामायिक तार, 6 माइकच्या स्विचची आणि 10 हेडफोनच्या स्विचची. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं उदाहरण उलगडेल.

एका कुटुंबाने घर बदललं. नव्या घरात कॉम्प्युटर सुरू झाला, मागचे स्पीकर वाजू लागले, पण मुलीच्या ऑनलाइन शिकवणीसाठी पुढे लावलेल्या हेडफोनमधून काहीच येईना. हेडफोन मोबाइलला लावून पाहिला, तो ठणठणीत होता. मग कॅबिनेट उघडण्याआधी विंडोजलाच विचारायचं ठरलं. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप केलं:

```
mmsys.cpl
```

साउंडची जुनी खिडकी उघडली. `Playback` च्या यादीत मोकळ्या जागी उजवं क्लिक करून `Show Disconnected Devices` वर टिक केली. आता हेडफोन पुढे लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा आणि यादीत काही हलतं का ते बघायचं. काहीही हललं नाही. हेडफोनच्या नोंदीखाली `Not plugged in` तसंच राहिलं. म्हणजे निरोप पोहोचत नव्हता. नोंद जागी झाली असती, शेजारचा हिरवा मीटर नाचला असता आणि तरीही आवाज आला नसता, तर निरोप ठीक आणि आवाजाची तार किंवा जॅक खराब असं निदान झालं असतं. मीटर स्पीकरच्या नोंदीपुढे नाचत असता, तर आवाज दुसरीकडे जातोय, एवढाच अर्थ होता.

दुसरी तपासणी माइकची. पुढच्या गुलाबी जॅकमध्ये माइक लावताच `Recording` च्या यादीत तो लगेच दिसला. म्हणजे केबल पूर्ण सुटलेली नव्हती. 6 आणि 7 या पिनांशी संपर्क होता.

तिसरी तपासणी ड्रायव्हरमधली. रिअलटेकच्या जुन्या ऑडिओ मॅनेजरमध्ये पिवळ्या फोल्डरच्या चिन्हामागे एक पर्याय असतो: `Disable front panel jack detection`. नव्या ड्रायव्हरमध्ये अशा सोयी रिअलटेक ऑडिओ कन्सोल या वेगळ्या ॲपमध्ये असतात आणि त्यांची नावं बोर्डाप्रमाणे थोडी बदलतात. या पर्यायावर टिक केली की ड्रायव्हर निरोपाची वाट पाहत नाही. पुढे हेडफोन आहेच असं धरून आवाज पाठवतो. टिक केली आणि हेडफोन वाजला, पण फक्त उजव्या कानात.

आता तिन्ही खुणा एकत्र ठेवून पाहा. उजवा कान चालतो, म्हणजे 5 नंबर लागलेला आहे. डावा चालत नाही, म्हणजे 9 सुटलेला आहे. माइकचा निरोप पोहोचतो, हेडफोनचा पोहोचत नाही, म्हणजे 10 सुटलेला आहे. 9 आणि 10 या पिना हेडरच्या एकाच टोकाला समोरासमोर असतात. म्हणजे कनेक्टर त्या टोकाला वर उचलला गेला होता आणि दुसऱ्या टोकाला बसलेला होता. कॅबिनेटचं झाकण अजून उघडलेलंही नव्हतं, आणि काय दिसणार ते ठाऊक झालं होतं.

उघडण्याआधी कॉम्प्युटर बंद करून मागची पॉवर केबल काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलेली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज बोर्डवर उतरत नाही. डावीकडचं झाकण काढल्यावर तळाच्या कोपऱ्यात कनेक्टर तिरका दिसला. केबल ग्राफिक्स कार्डाखालून ताणून आणलेली होती आणि तिचा ओढा त्याच टोकाला होता. कनेक्टर सरळ वर उचलून काढला, पिना वाकल्या नाहीत हे टॉर्चने पाहिलं, केबल मोकळ्या वाटेने फिरवून तिला थोडी ढील ठेवली आणि कनेक्टर दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन पूर्ण खाली बसवला. नुसतं वरून दाबून सोडलं असतं, तर ताणलेल्या केबलने तो पुन्हा उचलला असता.

एक काम अजून राहिलं होतं: ड्रायव्हरमधली टिक काढणं. पुष्कळ जण ही टिकच इलाज मानतात आणि तशीच ठेवतात. ती असेपर्यंत हेडफोन आहे की नाही हे ड्रायव्हरला कळत नाही. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद आणि काढला की सुरू, ही सोय जाते. पुढे कधीतरी मागचे स्पीकर गप्प का, म्हणून नवी शोधाशोध सुरू होते. टिक काढल्यावर यादीत हेडफोन लावताच जागा होऊ लागला आणि दोन्ही कान वाजू लागले.

कनेक्टर घट्ट असूनही पुढचा जॅक गप्प राहतो, तेव्हा सेटिंग तपासावं. रिअलटेकच्या सेटिंगमध्ये `Make front and rear output devices playback two different audio streams simultaneously` असा पर्याय असतो. तो निवडलेला असेल, तर पुढचा हेडफोन `Realtek HD Audio 2nd output` अशी वेगळी नोंद म्हणून दिसतो. मग हेडफोन लावल्याने आवाज आपोआप पुढे येत नाही. ती नोंद निवडून `Set Default` करावं लागतं. विंडोजच्या अपडेटनंतर जुना ड्रायव्हर जाऊन नवा आला की या निवडी बदलू शकतात. अशा वेळी मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा.

कॅबिनेट बरंच जुनं असेल, तर केबलच्या टोकाला दोन कनेक्टर सापडतात: एकावर `HD AUDIO` आणि दुसऱ्यावर `AC'97`. दुसरी पद्धत 1997 सालची आहे आणि तिच्यात जॅक ओळखण्याच्या तारा नाहीत. नव्या बोर्डावर पहिलाच लावायचा, आणि बायोसमध्ये पुढच्या पॅनलचा प्रकार विचारला असेल तर `HD` ठेवायचा. कॅबिनेटमध्ये फक्त जुनाच कनेक्टर असेल, तर ओळख बंद ठेवणारी ती टिक हाच कायमचा मार्ग उरतो. तिचा खरा उपयोग तिथे आहे.

कनेक्टर घट्ट, सेटिंग बरोबर, आणि तरीही पिन जॅकमध्ये हलवली की आवाज येतो-जातो, तर दोष जॅकच्या आतल्या झिजलेल्या पट्ट्यांचा असतो. मग पुढची पट्टी बदलावी लागते किंवा यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घ्यावं लागतं. मदरबोर्ड बदलायचं मात्र कारण उरत नाही. मागच्या जॅकमधून येणाऱ्या आवाजाने त्याची हमी पहिल्याच क्षणी दिलेली असते.