टीममधला मेन माणूस सोडून चाललाय, क्लायंटला कधी आणि कसं सांगायचं?

आजचा विषय आमच्या मागच्या सीझनच्या श्रोत्यांनीच सुचवलेला. प्रोजेक्टवरचा ज्याच्यावर सगळं चालतं, त्याने राजीनामा दिला. आता क्लायंटला काय सांगायचं?

आधी माझी चूक सांगतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी ठरवलं, बदली माणूस मिळू दे, मग सांगू. शोधाशोधीत तीन आठवडे गेले. तेवढ्यात सोडून जाणाऱ्याने लिंक्डइनवर नव्या नोकरीची पोस्ट टाकली आणि ती क्लायंटच्या मॅनेजरने पाहिली. फोनवर ते एवढंच म्हणाले, "अजून काय काय सांगायचं राहिलंय?" त्यानंतर दोन महिने आमचं प्रत्येक बिल ओळन् ओळ तपासलं गेलं.

दुसऱ्या वेळेला क्लायंट होता नाशिकचा एक ट्रान्सपोर्टर. त्यांचं बिलिंग आणि ई-वे बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. आमच्या बॅकएंडवाल्या दादाने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला, नोटीस 60 दिवसांची. एचआरने राजीनामा मंजूर केला त्याच दिवशी मी काँट्रॅक्ट उघडलं. बऱ्याच काँट्रॅक्टमध्ये महत्त्वाच्या माणसांची नावं लिहिलेली असतात आणि माणूस बदलायचा तर आधी लेखी कळवा, बदली माणसाला आमची मंजुरी घ्या, असं कलम असतं. ते आमच्यातही होतं. म्हणजे नवीन माणूस परस्पर ठरवून चालणार नव्हतं.

चौथ्या दिवशी आधी फोन केला. मेल नाही, फोनच. वाईट बातमी मेलवर वाचली की माणूस मनातल्या मनात भलतंच काही जोडत बसतो. तासाभरात मेल गेला. मजकूर साधारण असा:

"सर, आपल्या प्रोजेक्टचे बॅकएंड लीड कंपनी सोडत आहेत. त्यांचा शेवटचा दिवस 4 नोव्हेंबर. त्यांच्या जागी आम्ही टीममधल्याच एका इंजिनीअरचं नाव सुचवतोय. त्या वर्षभर याच प्रोजेक्टवर आहेत, पण महिनाअखेरचं क्लोजिंग त्यांनी एकटीने केलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये नवीन फीचर्स थोडी हळू होतील. रेट रिपोर्ट दोन आठवडे पुढे जाईल. हँडओव्हरच्या तासांचं बिल लावणार नाही. शुक्रवारपर्यंत आपण त्यांच्याशी अर्धा तास बोलून मंजुरी कळवावी."

यात दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. तो का सोडतोय आणि कुठे जातोय, हा त्याचा खाजगी मामला. आणि "कामावर काहीही परिणाम होणार नाही" हे वाक्य. परिणाम होतोच, आणि क्लायंटला ते आपल्याआधी माहीत असतं.

आता प्लॅन. साठ दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण दादाच्या आठ सुट्ट्या शिल्लक होत्या आणि मध्ये बहिणीचं लग्न. म्हणून मी दिवस मोजायचं सोडून महिनाअखेरी मोजल्या. हातात दोनच होत्या. सप्टेंबरअखेर दादा क्लोजिंग करणार आणि ताई शेजारी बसून लिहून घेणार. ऑक्टोबरअखेर ताई करणार, दादा मागे बसणार आणि कीबोर्डला हात लावणार नाही. क्लायंटलाही या दोन तारखाच सांगितल्या, कारण त्या त्यांना स्वतः तपासता येतात. "नॉलेज ट्रान्सफर 80 टक्के झालं" हे कोण तपासणार?

डॉक्युमेंटवर माझा फारसा भरवसा नाही. माणूस त्यात जे आठवतं ते लिहितो. अडकवतं ते, जे त्याला सवयीमुळे दिसतच नाही. ऑक्टोबरअखेरीला रात्री साडेदहाला ताई अडकली. क्लोजिंगच्या आधी घ्यायचा बॅकअप सर्व्हरवर कोणत्या जॉबमधून चालतो, ते सापडेना. कॉमन अकाउंटच्या क्रॉनमध्ये तो नव्हताच. दादा हसला, "अरे, तो माझ्या लॉगिनखाली आहे!" तीन वर्षांपूर्वी घाईत टाकलेला.

```
sudo crontab -l -u <user>
```

ही कमांड प्रत्येक युजरसाठी चालवून बघा. कारण शेवटच्या दिवशी अॅडमिन त्याचं अकाउंट काढून टाकतो, जॉब बंद पडतो आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. बॅकअप थांबलाय हे कळतं ते डेटा परत हवा असतो तेव्हा.

त्या रात्री जॉब कॉमन अकाउंटवर हलवला, क्लोजिंग सव्वा वाजता संपलं. नेहमीपेक्षा दोन तास जास्त. सकाळी क्लायंटला तेही कळवलं, कारणासकट. सरांचा रिप्लाय आला, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात मी ताईंनाच फोन करतो."

4 नोव्हेंबरला संध्याकाळी दादाचं अकाउंट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम, बॅकअपच्या फोल्डरमध्ये रात्रीची फाइल आलीय का, ते पाहिलं. आली होती.