दोन रेषा जिथे छेदतात

हृदय मिनिटाला किती रक्त ढकलेल, हे एकटं हृदय ठरवत नाही. आर्थर गायटन यांनी 1950च्या दशकात दोन रेषा एकाच आलेखावर मांडल्या. उजव्या कर्णिकेतला दाब वाढला की हृदय जास्त रक्त फेकतं. शिरांतून परतणारं रक्त मात्र घटतं आणि सुमारे 7 मिलिमीटर पाऱ्याला थांबतं. निरोगी माणसात रेषा शून्याच्या आसपास छेदतात, साधारण 5 लिटरवर. हृदयाने क्षणभर जास्त फेकलं तर कर्णिका रिकामी होते, दाब उतरतो, पुन्हा तोच बिंदू.

रक्तस्रावात शिरांची रेषा खाली सरकते. सलाइन ती वर उचलतं. पण थकलेल्या हृदयाची रेषा सपाट असते. तिथे सलाइनने मानेच्या शिरा फुगतात, प्रवाह मात्र जेमतेम वाढतो.