पालीतलं ‘दुक्ख’ आणि आपलं ‘दुःख’ : शब्द एकाच मुळाचा, पण माप वेगळं

चाकूर : आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. वाचन पहिल्या प्रवचनापाशी आलं की हमखास एक प्रश्न निघतो. सगळं आयुष्य दुःखच आहे, असं बुद्धांनी खरंच सांगितलं का? मग घरात बारसं असलं, पीक चांगलं आलं, तर तेही दुःखच का?

हा प्रश्न बाबासाहेबांनाही पडला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांबद्दल उघड शंका मांडली. जगणं, मरण, पुनर्जन्म सगळंच दुःख असेल, तर धम्म निराशेचा ठरतो आणि माणसाला आशाच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ही सत्यं मूळची आहेत की भिक्खूंनी मागाहून घातली, हे तपासायला पाहिजे, असंही त्यांनी लिहिलं. पुढं ग्रंथात त्यांनी पहिलं प्रवचन सांगताना दुःखाच्या अस्तित्वाइतकाच भर ते दूर करण्यावर दिला.

अडचणीचं एक मूळ शब्दात आहे. इंग्रजीत ‘दुक्ख’ला बहुतेक वेळा ‘सफरिंग’ म्हणतात, म्हणजे यातना, हाल. मराठीत तर तोच शब्द ‘दुःख’ म्हणून घरचा असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. पण आपण दुःख म्हणतो ते कुणी गेल्यावरचं, नाहीतर गुडघा दुखतो तेव्हाचं. पालीतलं दुक्ख याच्यापेक्षा मोठं आहे.

प्रवचनातली यादी

सारनाथला पाच साथीदारांसमोर झालेल्या त्या प्रवचनात दुक्ख म्हणजे काय याची यादीच आहे. जन्म, म्हातारपण, आजार, मरण. नावडत्याशी गाठ पडणं, आवडत्याची ताटातूट होणं, हवं ते न मिळणं. इथपर्यंत ‘यातना’ हा शब्द चालून जातो. शेवटी मात्र सगळ्याचं सार म्हणून पाच उपादानस्कंध दुक्ख आहेत, असं येतं. शरीर, संवेदना, ओळख, मनाच्या घडणी आणि जाणीव या पाचांना ‘मी, माझं’ म्हणून धरून ठेवणं, असा त्याचा अर्थ. धडधाकट, हसत्या माणसालाही हे पाच आहेतच. त्याला ‘तुझे हाल चालू आहेत’ म्हटलं तर तो मान्य करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. भाषांतर तोकडं पडतं ते इथं.

दुक्खाचे तीन थर

पाली ग्रंथांत दुक्खाचे तीन प्रकार सांगितलेत. सोयाबीन काढताना कंबर धरते, ते पहिलं दुक्ख. हे सरळ दुखणंच आहे.

चांगला भाव मिळाला, घरात पैसा आला, मन खूश झालं. ही खुशी खोटी नाही. पण ती टिकत नाही, आणि ती टिकेल असं धरून चाललं की बदल झाल्यावर टोचते. हे बदलातलं दुक्ख.

तिसरं समजायला अवघड. त्यासाठी जुनं माळवदाचं घर बघा. दरवर्षी पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर ते गळतं. घराला वेदना नाही, घर वाईटही नाही. पण ते आपोआप उभं राहत नाही, कारणांच्या टेकूवर उभं असतं. आपलं शरीर-मनही तसंच. या टेकूवरच्या असण्यालाही पालीत दुक्ख म्हटलंय.

म्हणूनच सुखद संवेदनाही दुक्खात मोडते, असं पाली सुत्तांत आढळतं. तिथं ‘यातना’ शब्द घातला तर ‘सुख म्हणजे यातना’ असं उलटंच वाक्य होतं. ‘सुख टिकाऊ नाही, त्यावर कायमचा भार टाकता येत नाही’ असं वाचलं की अर्थ लागतो.

मग दुसरा शब्द कोणता?

काही भाषांतरकार ‘असमाधान’ अशा अर्थाचा शब्द घेतात. त्यानं दुसरा-तिसरा थर सापडतो, पण लेकरू गेलेल्या आईला ‘असमाधान’ आहे म्हणणं फार मिळमिळीत होतं. म्हणून ‘यातना’ हे भाषांतर चूक नव्हे, अपुरं आहे. अनेक जण आता मूळ ‘दुक्ख’ शब्दच ठेवतात.

प्रवचनात चारही सत्यांसोबत काय करायचं तेही दिलंय. दुक्ख पूर्ण ओळखायचं, त्याचं कारण असलेली तृष्णा सोडायची, त्याचा निरोध अनुभवायचा आणि त्यासाठी अष्टांग मार्ग चालायचा. म्हणजे पहिल्या सत्यात रडत बसायला सांगितलेलं नाही, ओळखायला सांगितलंय. डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं म्हणून तो निराशावादी ठरत नाही. त्या नावानंच पुढचा उपचार ठरतो.