कंट्रोल व्हॉल्व्हची निवड पाइप ठरवतो

पाण्याच्या लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह कमी प्रवाहाला सारखा उघड-मीट करतो आणि प्रवाह वाढला की कितीही उघडला तरी फरक पडत नाही, ही कारखान्यांतली नेहमीची तक्रार. मग कंट्रोलरचे ट्यूनिंग बदलतात. ते कमी प्रवाहाला जमते, जास्तीला बिघडते. अशा वेळी दोष पुष्कळदा व्हॉल्व्हच्या आतल्या ट्रिमच्या निवडीत असतो.

ट्रिम म्हणजे मुख्यतः प्लग आणि सीट. दांडा किती उचलला की वाट किती मोकळी होते, हे त्यांच्या आकारावर ठरते. व्हॉल्व्हवरचा दाब कायम ठेवला, तर लिनियर ट्रिम निम्मा उघडल्यावर निम्मा प्रवाह देतो. इक्वल पर्सेंटेज ट्रिम दर टप्प्याला आधीच्या प्रवाहात ठरावीक टक्क्यांची भर घालतो. ५० पट पल्ल्याच्या ट्रिममध्ये उघडझाप १० टक्क्यांनी वाढली की प्रवाह सुमारे ४८ टक्क्यांनी वाढतो, आणि निम्म्यावर तो जेमतेम १४ टक्के असतो.

पण लाइनवर बसल्यावर व्हॉल्व्हवरचा दाब कायम राहत नाही. समजा, पंप ४ बार दाब देतो. पूर्ण प्रवाहाला त्यातले ३.६ बार लांब पाइप आणि हीट एक्स्चेंजर खातात, व्हॉल्व्हच्या वाट्याला ०.४ बार उरतो. पाइपमधला दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. म्हणून प्रवाह निम्मा असताना पाइप फक्त ०.९ बार खातो आणि व्हॉल्व्हवर ३.१ बार पडतो.

या लाइनवर लिनियर ट्रिम २० टक्के उघडताच प्रवाह ५४ टक्क्यांवर पोचतो, ५० टक्के उघडल्यावर ८८ टक्क्यांवर. उरलेल्या निम्म्या उघडझापीत फक्त १२ टक्के मिळतात. उघडण्यातल्या एक टक्का बदलाने प्रवाह किती टक्के बदलतो, तो इन्स्टॉल्ड गेन. इथे तो सुरुवातीला ३ आणि ८० टक्क्यांपुढे ०.१५ च्या आसपास येतो. वीसपट फरक एका ट्यूनिंगने सांभाळता येत नाही.

त्याच जागी इक्वल पर्सेंटेज बसवला, तर २० टक्क्यांवर १४, ५० वर ४१ आणि ८० वर ८५ टक्के प्रवाह मिळतो. ट्रिमचा वाक आणि दाबाची घट एकमेकांना सावरतात. त्या पट्ट्यात गेन ०.५ ते १.६ मध्ये राहतो. ०.५ ते २ ही सर्वसाधारण मान्य मर्यादा आहे.

याचा अर्थ इक्वल पर्सेंटेज सगळीकडे चांगला, असा नाही. पाइप आखूड असेल आणि दाब बहुतेक व्हॉल्व्हवरच पडत असेल, तर प्रवाहासाठी लिनियरच योग्य. तिथे इक्वल पर्सेंटेज कमी उघडझापीत सुस्त आणि जास्तीत अतितीव्र ठरतो.

पडताळा सोपा आहे. प्रक्रियेला धोका नसेल तेव्हा कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या. कमी आणि जास्त प्रवाहाला आउटपुट ५-५ टक्क्यांनी हलवा आणि प्रवाहातले बदल ताडून पाहा. त्यांत तीन-चार पटींहून जास्त तफावत आली, तर ट्यूनिंगआधी ट्रिम तपासा.